फटीसमोरच्या बिंदूवर कोणता रंग नसतो?

आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेत १९८४ साली एक प्रश्न आला होता. भौतिकशास्त्राच्या सरावपुस्तकांत तो आजही भेटतो. दोन बारीक समांतर फटींवर पांढरा प्रकाश पडतो आहे. फटींमधलं अंतर b आहे. समोरचा पडदा d इतक्या अंतरावर आहे आणि d हे b पेक्षा कितीतरी मोठं आहे. दोनपैकी एका फटीच्या अगदी समोर पडद्यावर जो बिंदू येतो, तिथे कोणकोणत्या तरंगलांबी गायब असतील?

उत्तर दोन ओळींत निघतं: b²/d, b²/3d, b²/5d आणि याच क्रमाने पुढे. मुलं ते सोडवतात, मार्क घेतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. खरी गंमत मात्र उत्तर निघाल्यावर सुरू होते. या गायब तरंगलांबींपैकी डोळ्याला दिसणाऱ्या किती? त्या गेल्या तर उरलेला प्रकाश कोणत्या रंगाचा दिसेल? बिंदू थोडा इकडेतिकडे सरकवला तर काय होईल? आणि पडद्याच्या कडेला गेल्यावर रंग विटून सगळं पांढरं का दिसू लागतं? एकच बिंदू धरून हे प्रश्न शेवटापर्यंत नेले, की पांढऱ्या प्रकाशातल्या त्या रंगीत पट्ट्यांचा सगळा हिशेब उलगडतो.

वाटेतला फरक

दोन फटींमधून निघालेला प्रकाश पडद्यावरच्या एखाद्या बिंदूवर पोहोचतो तेव्हा दोन्ही वाटांची लांबी सारखी असेलच असं नाही. बरोबर मध्यावर ती सारखी असते. मध्यापासून बाजूला सरकलं, की एक वाट थोडी लांब आणि दुसरी थोडी आखूड होते. या फरकाला पथांतर म्हणतात. बिंदू मध्यापासून y इतका दूर असेल, तर पथांतर b गुणिले y भागिले d इतकं येतं. पडदा फटींपासून पुरेसा लांब असला की हे सूत्र चोख चालतं.

पथांतर एखाद्या तरंगलांबीच्या पूर्ण पटीत असेल, म्हणजे एक पट, दोन पट, तीन पट, तर दोन्ही लाटांची शिखरं एकावर एक येतात आणि तो रंग तिथे जोरात उजळतो. तेच पथांतर तरंगलांबीच्या अर्धी, दीड, अडीच, साडेतीन पट असेल, तर एका लाटेच्या शिखरावर दुसरीचा खड्डा येतो आणि दोन्ही एकमेकींना पुसून टाकतात. तो रंग त्या बिंदूवर नसतो. प्रश्नातलं ‘गायब’ ते एवढंच. प्रकाश दोन्ही फटींतून तिथवर येतो, पण त्याची बेरीज शून्य होते.

आता आकडे घेऊ. फटींमधलं अंतर २ मिलिमीटर आणि पडदा २ मीटरवर, म्हणजे पडद्याचं अंतर फटींमधल्या अंतराच्या हजार पट. हे प्रमाण मी मुद्दाम निवडलं आहे, कारण त्यामुळे हिशेब तोंडी करता येतो. मध्यापासून जितके मिलिमीटर सरकावं, तितके हजार नॅनोमीटर पथांतर पडतं. अर्ध्या मिलिमीटरवर ५०० नॅनोमीटर, एका मिलिमीटरवर १००० नॅनोमीटर. दिसणारा प्रकाश साधारण ४०० नॅनोमीटरच्या जांभळ्यापासून ७०० नॅनोमीटरच्या लालपर्यंत पसरलेला आहे, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

फटी मध्यापासून दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटरवर आहेत. तेव्हा एका फटीच्या समोरचा बिंदू म्हणजे मध्यापासून १ मिलिमीटरवरचा बिंदू. तिथलं पथांतर १००० नॅनोमीटर.

ते कोणाच्या अर्धी पट आहे? २००० नॅनोमीटरच्या. ती तरंगलांबी अवरक्तात, डोळ्याला न दिसणारी. दीड पट कोणाच्या? ६६७ नॅनोमीटरच्या, म्हणजे भर लाल. अडीच पट? ४०० नॅनोमीटरच्या, म्हणजे जांभळ्याची कड. साडेतीन पट? २८६ नॅनोमीटरच्या, ती अतिनीलात गेली. सूत्रातून निघणारी यादी कधी संपत नाही, पण आपल्या डोळ्यापुरती त्यातली दोनच नावं उरली: ६६७ आणि ४००.

मग उजळलं काय? १००० ही ५०० ची बरोबर दुप्पट आहे. म्हणून निळ्या-हिरव्याच्या सीमेवरचा ५०० नॅनोमीटरचा प्रकाश तिथे पूर्ण तेजात आहे. लाल गेला, जांभळ्याची कड गेली, मधला निळा-हिरवा उजळला. फटीसमोरच्या त्या बिंदूवर मोरपंखी रंग दिसतो.

जांभळ्याच्या जाण्याचा या रंगाशी फारसा संबंध नाही, हेही सांगायला हवं. आपला डोळा ४०० नॅनोमीटरपाशी इतका मंद असतो, की ती तरंगलांबी गेली काय आणि राहिली काय, फार फरक पडत नाही. रंग ठरवला तो लाल जाण्याने.

गेलेला लाल कुठे गेला?

प्रकाशाची ऊर्जा नाहीशी होत नाही. ६६७ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाचे स्वतःचे उजळ पट्टे पडद्यावर दर ०.६६७ मिलिमीटरला पडतात: पहिला ०.६६७ वर, दुसरा १.३३३ वर. १ मिलिमीटर हा बिंदू या दोन पट्ट्यांच्या बरोबर मधोमध येतो. तिथला लाल या शेजारच्या दोन पट्ट्यांत जमा झालेला आहे. ५०० नॅनोमीटरच्या प्रकाशाचे पट्टे दर अर्ध्या मिलिमीटरला पडतात, म्हणून १ मिलिमीटरवर त्याचा दुसरा उजळ पट्टा येतो. ४०० नॅनोमीटरचे पट्टे दर ०.४ मिलिमीटरला, म्हणून १ मिलिमीटर हा त्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्ट्यांच्या मधला काळोख.

मोजपट्ट्यांचा एक गठ्ठा घ्यावा, प्रत्येकीवरच्या खुणांमधलं अंतर वेगळं, आणि सगळ्यांचा शून्य एका रेषेत लावावा, तसं हे आहे. शून्यापाशी सगळ्या खुणा जुळतात. पुढे एकीची खूण येते तिथे दुसरीची मोकळी जागा येते. पडद्यावर कुठेही बोट ठेवा, त्या जागी कोणत्या पट्टीची खूण आहे आणि कोणत्या पट्टीची मोकळी जागा आहे, यावरून तिथला रंग ठरतो.

यादी खरी, पण दिसणारं काही नाही

शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत फटींमधलं अंतर बहुधा २ मिलिमीटर नसतं, ते बरंच कमी असतं. समजा अर्धा मिलिमीटर, आणि पडदा १ मीटरवर. आता b²/d किती? २५० नॅनोमीटर. यादीतली सगळ्यात मोठी तरंगलांबीच अतिनीलात गेली, बाकीच्या तर त्याहूनही आखूड. म्हणजे या मांडणीत फटीसमोरच्या बिंदूवर दिसणारा एकही रंग गायब नाही. तो बिंदू मधल्या पांढऱ्या पट्ट्याच्या आतच पडतो.

फटींमधलं अंतर १ मिलिमीटर आणि पडदा १ मीटरवर घेतला तरीही तीच गत. b²/d येतं १००० नॅनोमीटर, ते अवरक्तात. त्याचा तिसरा हिस्सा ३३३ नॅनोमीटर, तो अतिनीलात. मधली सगळी दृश्य पट्टी शाबूत आहे. सूत्र अचूक आहे, उत्तरही अचूक आहे, आणि तरी डोळ्याला तिथे काहीच गायब झालेलं कळणार नाही. म्हणून गायब तरंगलांबींच्या प्रत्येक गणितात शेवटची पायरी ही असते: आलेली यादी ४०० ते ७०० च्या चाळणीतून काढायची.

मध्यापासून बाहेर चालत जाऊ

आपल्या हजार पटीच्या मांडणीत आता एकच बिंदू न धरता मध्यापासून एका बाजूला हळूहळू सरकू. पट्टे बारीक आहेत, म्हणून पडद्याऐवजी भिंग किंवा सूक्ष्मदर्शकाची नेत्रिका लावून बघायचं.

बरोबर मध्यावर पथांतर शून्य. शून्य ही प्रत्येक तरंगलांबीची पूर्ण पट आहे, म्हणून सगळे रंग पूर्ण तेजात येतात आणि पट्टा पांढरा दिसतो. ०.२ मिलिमीटरपर्यंत एकही दृश्य तरंगलांबी पूर्ण गायब होत नाही. पण तिथवर जाताजाता जांभळा आणि निळा फिके पडत जातात. ०.२ ला ४०० नॅनोमीटर पूर्ण जातो आणि पांढऱ्यावर पिवळट-तपकिरी झाक चढते. त्यापुढे ती तांबूस होते.

०.२७५ मिलिमीटरवर ५५० नॅनोमीटर जातो. हा हिरवा-पिवळा प्रकाश म्हणजे डोळ्याला सर्वांत तेजस्वी भासणारा. तो गेला, आणि दोन्ही टोकांचे लाल-जांभळेही तिथे क्षीण आहेत, म्हणून ही जागा सगळ्यांत अंधारी दिसते. तीही पूर्ण काळी नसते, गडद जांभळी असते. पांढऱ्या प्रकाशातला पहिला ‘काळा’ पट्टा म्हणतात तो हाच. जरा पुढे गेलं की लाल जाण्याची पाळी येते आणि निळा वर येतो. ०.३३ च्या आसपास चांगला निळा दिसतो.

०.३५ पासून ०.६ मिलिमीटरपर्यंत पुन्हा एक मोकळा टप्पा येतो. तिथे एकही दृश्य तरंगलांबी गायब नसते. अर्ध्या मिलिमीटरच्या पुढेमागे फिकट हिरवट पांढरा, मग पिवळा. ०.६ ला ४०० नॅनोमीटर दुसऱ्यांदा जातो. इथून गायब होणारी तरंगलांबी जांभळ्याकडून लालकडे सरकत जाते, तसा रंग पिवळ्यावरून केशरी, केशरीवरून लाल होतो. ०.८२ च्या सुमारास हिरवा गेला की राणी रंग येतो. त्यानंतर गडद निळा, आणि १ मिलिमीटरवर आपला मोरपंखी.

१ मिलिमीटर ही या प्रवासातली खास जागा आहे, कारण दोन दृश्य तरंगलांबी एकाच वेळी गायब असण्याची ही पहिली वेळ. ६६७ अजून गेलेला नाही तोच ४०० तिसऱ्या फेरीला आला. पुढे १.१ वर हिरवा, सव्वा मिलिमीटरच्या आसपास अबोली, १.४ जवळ पुन्हा जांभळट, दीडवर मळकट हिरवा. इथून रंग प्रत्येक फेरीला फिके होत जातात.

बारावीच्या मुलांचा नेहमीचा एक घोळ इथेच सुटतो. मधल्या पांढऱ्या पट्ट्याच्या जवळ लाल येतो की जांभळा? एक पुस्तक सांगतं, पांढऱ्याच्या लगत लाल आणि मग निळा. दुसरं सांगतं, जांभळ्याचे पट्टे अरुंद असल्यामुळे तोच आधी येतो आणि लाल बाहेर राहतो. दोन्ही खरं आहे, पण दोघं वेगवेगळ्या जागेबद्दल बोलत आहेत. पांढऱ्या पट्ट्याची स्वतःची कड तांबूस असते, कारण तिथे निळा-जांभळा सर्वांत आधी गायब होतो. त्यानंतर अंधारी जागा. तिच्या पलीकडे पहिला रंगीत उजळ पट्टा सुरू होतो. त्याची आतली कड निळी आणि बाहेरची लाल असते, कारण निळ्याचं पहिलं शिखर लालच्या आधी येतं. काळोखाच्या अलीकडे तांबूस, पलीकडे निळा. उत्तर लिहिताना ‘पांढऱ्याची कड’ की ‘पहिला उजळ पट्टा’ हे स्पष्ट केलं की वाद उरत नाही.

पांढरं दिसतं, पण पूर्ण नसतं

आता एकदम ५ मिलिमीटरवर जाऊ. पथांतर ५००० नॅनोमीटर. त्याला साडेसातने भागलं तर ६६७, साडेआठने ५८८, साडेनऊने ५२६, साडेदहाने ४७६, साडेअकराने ४३५ आणि साडेबाराने ४००. दृश्य पट्ट्यातल्या सहा तरंगलांबी इथे गायब आहेत. मोरपंखी दिसणाऱ्या बिंदूवर दोनच गेल्या होत्या. तरी हा बिंदू डोळ्याला साधा पांढरा दिसतो.

याचं कारण डोळ्याच्या रचनेत आहे. रंग ओळखणाऱ्या आपल्या पेशी तीनच प्रकारच्या आहेत आणि प्रत्येक प्रकार तरंगलांबींचा बराच रुंद पट्टा एकत्र टिपतो. गायब झालेली तरंगलांबी एकच असते तेव्हा ती एका प्रकारच्या पेशींचं मोठं नुकसान करते, बाकीच्यांचं कमी. त्यामुळे तोल ढळतो आणि रंग दिसतो. सहा खाचा सगळ्या पट्ट्यावर सारख्या विखुरल्या, की प्रत्येक प्रकारच्या पेशींना काही खाचा आणि काही उजळ जागा मिळतात. तिघींचा वाटा जवळपास सारखाच घटतो, तोल टिकतो आणि मेंदू त्याला पांढरं म्हणतो. मध्यावरच्या उजळ पांढऱ्यापेक्षा हा पांढरा निम्म्या तेजाचा असतो, एवढाच फरक.

त्या सहांत ५८८ आहे, ते ध्यानात घ्या. सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरचा असतो. म्हणजे याच मांडणीत दिवा बदलून सोडियमचा लावला, तर ५ मिलिमीटरवरच्या या बिंदूवर ठसठशीत काळा पट्टा दिसेल. पांढऱ्या प्रकाशातही तो पिवळा तिथून तितकाच गेलेला असतो. फक्त इतर रंग त्याची जागा भरून काढतात आणि आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही.

तो पत्ता लावायचा उपाय सरळ आहे. त्या बिंदूवर वर्णपटदर्शकाची फट ठेवायची आणि आलेला प्रकाश रंगांत पसरवायचा. लालपासून जांभळ्यापर्यंतच्या त्या पट्ट्यात उभ्या काळ्या रेघा दिसतात, आपल्या हिशेबातल्या सहाही जागांवर. टोकाची ४०० ची रेघ तेवढी डोळ्याला धूसर भासेल. आर्मां फिझो आणि लेओं फूको या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८४५ मध्ये याच मार्गाने दाखवून दिलं, की डोळ्याला पट्टे दिसेनासे झाले तरी व्यतिकरण चालूच असतं, अगदी पथांतर हजारो तरंगलांबींइतकं वाढवलं तरीही.

हाच हिशेब उलटा करता येतो. पथांतर माहीत नसेल, तर लगतच्या दोन काळ्या रेघांच्या तरंगलांबी वाचायच्या, त्यांचा गुणाकार करायचा आणि त्यांच्या फरकाने भागायचं. आपल्या उदाहरणात ५८८.२ आणि ५२६.३ घेतले तर गुणाकार सुमारे ३,०९,५७० आणि फरक ६१.९. भागाकार येतो ५००० च्या जवळ. कोणते रंग गायब आहेत एवढ्यावरून दोन वाटांमधला मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतका फरक मोजता आला.

प्रयोग फसतो तो कुठे

हे घरी किंवा शाळेत करून पाहणाऱ्यांची निराशा होते ती बहुधा एकाच कारणाने. दिवा थेट दोन फटींसमोर ठेवला जातो आणि पडद्यावर नुसता पांढरा उजेड पडतो. दिव्याचा प्रत्येक भाग आपापला पट्ट्यांचा नमुना पाडतो, तो शेजारच्या भागाच्या नमुन्यापासून जरासा सरकलेला असतो, आणि सगळे एकमेकांवर चढून पुसले जातात. सूर्यसुद्धा यासाठी फार मोठा आहे. त्याची तबकडी आकाशात अर्ध्या अंशाची दिसते, आणि तेवढ्याने ०.०६ मिलिमीटर अंतरावरच्या फटींचे पट्टेही पुसले जातात. म्हणून आधी एक एकेरी फट लागते आणि तिच्यामागे दिवा. आपल्या मांडणीत ही पहिली फट जोडफटींच्या १ मीटर मागे असेल, तर तिची रुंदी ०.०५ मिलिमीटरच्या आत हवी, आणि ती जोडफटींना नीट समांतरही हवी.

पट्टे दिसत नाहीत तेव्हा दोष कशाचा, हे ओळखायला एक लाल काचेचा तुकडा किंवा लाल जिलेटिन पेपर पुरतो. तो दिव्यापुढे धरा. पांढऱ्या उजेडात लपलेले लाल-काळे पट्टे दूरवर उमटले, तर पहिली फट ठीक आहे, रंगांच्या सरमिसळीने पट्टे झाकले होते. लाल कागद लावूनही काहीच उमटलं नाही, तर पहिली फट रुंद आहे किंवा तिरकी बसली आहे.

दिवा कोणता, यालाही महत्त्व आहे. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचं उंच शिखर असतं आणि पुढे पिवळ्याचा रुंद डोंगर. मधला मोरपंखी भाग त्यात मुळात कमी असतो. म्हणून वर सांगितलेले रंग त्यात जसेच्या तसे मिळणार नाहीत. तारेचा जुना बल्ब किंवा सूर्यप्रकाश घ्यावा, त्यांच्या वर्णपटात अशी खिंड नसते.

शेवटची अट दोन फटींच्या बरोबरीची. एका फटीतून दुसरीच्या निम्माच प्रकाश येत असेल, तर ‘गायब’ तरंगलांबीही पूर्ण जात नाही. तिच्या उजळ पट्ट्याच्या सुमारे तीन टक्के प्रकाश काळ्या जागी शिल्लक राहतो. वर्णपटदर्शकात काळ्या रेघा राखाडी दिसल्या तर दोन फटींची रुंदी सारखी आहे का, ते आधी तपासावं.

यंगचे दोन आकडे

थॉमस यंगने नोव्हेंबर १८०३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे जो प्रयोग मांडला, त्यात दोन फटी नव्हत्या. खिडकीच्या झडपेवर जाड कागद, त्याला बारीक सुईचं भोक, त्यातून आलेला सूर्याचा किरण, आणि त्या किरणात कडेने धरलेली एक इंचाच्या तिसाव्या भागाएवढी कागदाची पट्टी. पट्टीच्या दोन्ही बाजूंनी प्रकाश वळून तिच्या सावलीत शिरला आणि सावलीतही रंगीत पट्टे पडले. सावलीचा मध्य मात्र नेहमी पांढरा राहिला. एका बाजूचा प्रकाश अडवला की सावलीतले पट्टे नाहीसे होत. ते भोक म्हणजे आपली पहिली एकेरी फट आणि पट्टीच्या दोन कडा म्हणजे आपल्या दोन फटी.

दोन फटींचं वर्णन त्याच्या १८०७ साली छापलेल्या व्याख्यानांत येतं. व्यतिकरणाच्या पट्ट्यांवरून निघणाऱ्या तरंगलांबीही तिथे दिल्या आहेत: टोकाच्या लालची इंचाचा छत्तीस हजारावा भाग, टोकाच्या जांभळ्याची इंचाचा साठ हजारावा भाग. नॅनोमीटरमध्ये हे आकडे ७०६ आणि ४२३ येतात. सूर्यप्रकाश, भोक आणि पट्टे एवढ्यावरून काढलेले हे आकडे आजच्या ७०० आणि ४०० च्या इतके जवळ आहेत, की त्यांनी गणित केलं तरी आपल्या बिंदूवरच्या यादीत एकाच नावाचा फरक पडतो: ४०० त्याच्या जांभळ्याच्या पलीकडे जातो आणि ६६७ चा लाल एकटा उरतो. रंग मोरपंखीच राहतो.

तेव्हा असा प्रश्न पुढे आला, तर चार पायऱ्या चुकवू नका. आधी पथांतर काढा. मग त्याला अर्धा, दीड, अडीच असं भागत जा. आलेल्या तरंगलांबींपैकी ४०० ते ७०० मधल्या तेवढ्या ठेवा. आणि त्या एक-दोन असतील तर रंग सांगा, पाच-सहा झाल्या तर पांढरं म्हणा. शिक्षकांना एक विनंती आहे: b²/d, b²/3d लिहून घेतल्यावर फळ्यावर फटींचं अंतर आणि पडद्याचं अंतर आकड्यांत लिहा, आणि त्या बिंदूवर कोणता रंग दिसेल ते मुलांना विचारा.